उताऱ्यातले वाक्य उतरवले, म्हणून गुण कापावेत का?

प्रति,
मा. संपादक,
सविनय नमस्कार.

इंग्रजीच्या अपठित उताऱ्यावरील प्रश्नांबाबत एका पालकांचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात प्रसिद्ध झाले. त्यांच्या मुलीने उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहिली, तर व्याकरणाच्या चुकांपायी तिचे गुण गेले. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाने उताऱ्यातली वाक्ये जशीच्या तशी उतरवली आणि त्याला पूर्ण गुण मिळाले. म्हणून उतरवलेल्या उत्तराला यापुढे निम्मेच गुण द्यावेत, अशी त्यांची मागणी आहे. इंदुरातल्या शाळांत अनेक वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर मला त्यांची तक्रार पटते, मागणी मात्र पटत नाही.

उदाहरणासाठी मी स्वतः रचलेला एक छोटा उतारा घेते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आंब्याची रोपे लावली आहेत. पुढची वाक्ये अशी: ‘बाय द थर्ड समर ही हॅड स्टॉप्ड वॉटरिंग देम. हिज नेबर्स थॉट ही हॅड ग्रोन केअरलेस. बट रूट्स दॅट आर फेड ॲट द सरफेस स्टे ॲट द सरफेस, अँड ही न्यू इट.’ प्रश्न दोन गुणांचा आहे: शेतकऱ्याने पाणी घालणे का थांबवले?

पहिला विद्यार्थी पहिली दोन वाक्ये उतरवतो. प्रश्नातले ‘स्टॉप्ड वॉटरिंग’ हे शब्द त्याला तिथे दिसतात, आणि ‘शब्द सापडला की ते वाक्य आणि पुढचे वाक्य लिहून टाका’ ही युक्ती ट्यूशनमध्ये सर्रास शिकवली जाते. त्याच्या उत्तरात शेजाऱ्यांचा गैरसमजच कारण होऊन बसला आहे. दुसरी मुलगीही उतरवतेच, पण ती लिहिते: ‘बिकॉज रूट्स दॅट आर फेड ॲट द सरफेस स्टे ॲट द सरफेस.’ तिने आधीची दोन वाक्ये सोडली, ‘बट’ काढून ‘बिकॉज’ घातले आणि ‘अँड ही न्यू इट’ गाळले. एवढ्या काटछाटीत तिला कारण कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे कळल्याचा पुरावा आहे. तिला दोन्ही गुण मिळायला हवेत आणि पहिल्याला शून्य.

तिसरा मुलगा लिहितो: ‘ही वाँट रूट्स गो डीप इन ग्राउंड, सो ही नॉट गिव्ह वॉटर.’ मुळे खोल जावीत असे उताऱ्यात कुठेही लिहिलेले नाही. ते त्याने स्वतः ताडले आहे. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वहीत इंग्रजी अशा आपल्याकडच्या मुलांचे इंग्रजी वाक्य असे अडखळतच उभे राहते. व्याकरण कच्चे आहे, पण अर्थ लागायला कुठेच अडचण नाही, आणि हा प्रश्न वाचनाचा आहे. लेखनाचे गुण त्याच प्रश्नपत्रिकेत पत्र आणि निबंध यांना वेगळे ठेवलेले असतात. एकाच कच्चेपणाची शिक्षा दोन ठिकाणी का द्यायची?

खरी परीक्षा चौथ्या उत्तराशी होते: ‘ही सीज्ड इरिगेटिंग द प्लांट्स, ॲज द पीपल अराउंड हिम फेल्ट ही हॅड बिकम निग्लिजंट.’ शब्द सगळे स्वतःचे, व्याकरण निर्दोष, वळणही सफाईदार. पण हे पहिलेच उत्तर आहे, फक्त प्रत्येक शब्दाच्या जागी त्याचा समानार्थी शब्द बसवला आहे. पालक म्हणतात तो नियम लावला, तर या उत्तरावर गुण कापायला काही कारण उरत नाही, आणि दुसऱ्या मुलीचे मात्र निम्मे गुण जातात. अशी उत्तरे प्रामुख्याने शब्दसंग्रह चांगला असलेल्या, घाईत वाचणाऱ्या मुलांची असतात, आणि ती तपासणाऱ्यालाही फसवतात.

न समजता उतरवता येते याबद्दल शंका असेल, त्यांनी ‘द झॉर्प फ्लिम्ड द ब्रँट’ हे निरर्थक वाक्य घ्यावे आणि ‘हू फ्लिम्ड द ब्रँट?’ असे विचारावे. ‘द झॉर्प’ असे बरोबर उत्तर पाचवीतले मूलही देईल. म्हणून उतरवलेल्या उत्तराच्या कडा पाहाव्या लागतात. उतारा प्रथमपुरुषी असेल आणि उत्तरात ‘माय ग्रँडफादर’ तसेच राहिले असेल, किंवा उत्तर ‘हाउएव्हर’ने सुरू होत असेल आणि ते कशाला उद्देशून आहे हे उत्तरात कुठेच नसेल, तर बहुधा हात चालला आहे, वाचन झालेले नाही. तरी ही खूणच समजावी. समजलेला मुलगाही घाईत सर्वनाम बदलायचे विसरतो, आणि एकाच उत्तरावरून निवाडा होत नसेल तर त्याच उताऱ्यावरची त्याची इतर उत्तरे पाहावीत.

सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजीसाठी परीक्षकांना दिलेल्या सूचनांतही याच अर्थाचे कलम अलीकडच्या वर्षांत आढळते: उताऱ्यातला भाग तसाच लिहिला तरी तो प्रश्नाला धरून असेल आणि अपेक्षित आकलन दाखवत असेल, तर केवळ उतरवल्याबद्दल गुण कापू नयेत. या कलमाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि अट विसरली जाते. गठ्ठा तपासताना आदर्श उत्तरातला ठळक शब्द शोधण्याकडे नजर वळते. ‘सरफेस’ शब्द दिसला की बरोबरची खूण होते, आणि तिसऱ्या मुलाच्या उत्तरात तो शब्दच नाही. त्या पालकांच्या मुलीचे असेच झाले असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

माझ्या मते यातला बराच दोष प्रश्न काढणाऱ्याकडे जातो. उताऱ्यातलेच शब्द घेऊन प्रश्न विचारला की उत्तराची जागा आपण बोट दाखवून सांगतो. वरच्याच उताऱ्यावर ‘शेजाऱ्यांना काय कळले नव्हते?’ असे विचारून पाहा. ‘नेबर्स’ हा शब्द मुलाला ‘केअरलेस’च्या वाक्याकडे नेतो, आणि ते वाक्य उतरवून उत्तर होत नाही. पुढच्या वाक्यातली गोष्ट शेतकऱ्याला माहीत होती, म्हणजे शेजाऱ्यांना नव्हती, हे त्याला स्वतः जोडावे लागते. सगळे प्रश्न असे असू नयेत. नाव, ठिकाण, वर्ष यांचे प्रश्न उतरवण्यासाठीच असतात, आणि तिथे शब्द बदलण्याचा आग्रह धरणे निव्वळ हट्ट आहे.

स्वतःच्या शब्दांत मांडणी करता येते का हेच तपासायचे असेल, तर तेही जरूर तपासावे. मात्र ‘इन युअर ओन वर्ड्स’ ही सूचना त्या प्रश्नाखाली छापलेली हवी आणि दोन गुणांपैकी किती अर्थाचे व किती मांडणीचे हे आधीच ठरलेले हवे. अशा प्रश्नात दुसऱ्या मुलीचा मांडणीचा गुण गेला तर माझी हरकत नाही. सूचना न छापता तो गुण तपासताना कापला जात असेल, तर पालकांनी उत्तरपत्रिका दाखवतात त्या दिवशी मुख्याध्यापकांकडे प्रश्नपत्रिका आणि गुणदान योजना शेजारी शेजारी ठेवून विचारणा करावी.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
रामबाग, इंदूर