लग्नाचे फोटो: रिकव्हरीच्या आधी लॉग बघ

प्रिय संद्या,

तुझा मेसेज काल रात्री ट्रेनमध्ये वाचला, कळव्याच्या पुढे नेटवर्क गेलं आणि रिप्लाय राहिला. डुप्लिकेट फोटो काढणाऱ्या सॉफ्टवेअरने ताईच्या लग्नाचे फोटो उडवले म्हटल्यावर मलाही झोप लागली नाही रे. फोनवर एवढं सांगून होणार नाही म्हणून लिहितोय.

आधी ती हार्डडिस्क काढून बाजूला ठेव, तिच्यावर एकही फाईल टाकू नकोस. डिलीट झाल्यावर डेटा लगेच पुसला जात नाही, ती जागा फक्त मोकळी धरली जाते आणि वर दुसरं काही लिहिलं गेलं की मग खरंच जातो. तुझी जुनी फिरणारी डिस्क आहे हे बरंय, एसएसडीत ट्रिम, म्हणजे मोकळी झालेली जागा पुसून टाकायची सोय, चालू असली की सहसा काही हाती लागत नाही.

मग त्या सॉफ्टवेअरचा लॉग उघड. तू स्क्रीनशॉट पाठवलास त्यात `Lagna\IMG_0412.JPG` उडवलीय आणि `Ganpati\IMG_0412.JPG` ठेवलीय, पण साईज बघ ना, एक ४.१ एमबी आणि दुसरी ३.६! म्हणजे त्याने आतलं काही न बघता नुसती नावं जुळवली. कॅमेऱ्याचा नंबर ९९९९ नंतर परत ०००१ पासून सुरू होतो, त्यामुळे दोन वेगळ्या फोटोंना एकच नाव मिळणं अगदी कॉमन आहे. लॉगमध्ये साईज वेगळी दिसते त्या सगळ्या ओळींना मार्क कर, ते फोटो नक्की गेलेत. साईज सारखी असेल तिथे डिस्क लाव आणि न उडवलेली फाईल उघडून बघ, लग्नाचाच फोटो निघाला तर काहीच गेलेलं नाही, नुसती लॅपटॉपवर कॉपी करून घे. बरीच लिस्ट इथेच कमी होईल बघ.

उरलेल्यांसाठी डिस्क लावलेली असतानाच रिसायकल बिन बघ, `Original Location` वर सॉर्ट केलंस की फोल्डरप्रमाणे सगळं एकत्र येतं. तिथे नसेल तर मायक्रोसॉफ्टचं फ्री विंडोज फाईल रिकव्हरी टाक, पण लॅपटॉपवर, आणि कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून हे चालव (E ही तुझी डिस्क, D लॅपटॉपची):

```
winfr E: D: /regular /n \Lagna\*.JPG
```

डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएस नसेल तर `/regular` च्या जागी `/extensive` टाक, वेळ खूप लागतो, रात्रभर चालू ठेव.

आणि एक, परत आलेल्या फोटोंचे थंबनेल बघून खूश होऊ नकोस. छोटं चित्र जेपीजी फाईलच्या सुरुवातीलाच वेगळं सेव्ह असतं, त्यामुळे ते छान दिसतं आणि फोटो उघडला की खालचा अर्धा भाग करडा, म्हणजे बहुतेक त्या भागावर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय आणि तो सहसा परत येत नाही. म्हणून प्रत्येक फोटो उघडून, मार्क केलेल्या लिस्टशी नाव नि साईज दोन्ही ताडून बघ. जे करडे निघतील त्यांची नावं मला पाठव, लग्नात मी काढलेले फोटो माझ्याकडे आहेत, त्यातून काही भरून निघतंय का बघतो.

तुझा,
मंद्या