विषय : कबड्डीपटूचा अपघात विम्याचा दावा नाकारल्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आमच्या मंडळाच्या १८ खेळाडूंचा समूह अपघात विमा तुमच्याकडे आहे, माणशी २ लाखांचा. फेब्रुवारीतल्या सामन्यात आमच्या २२ वर्षांच्या चढाईपटूचा घोटा एकाने धरला, दुसरा मागून कमरेवर आला आणि पाय मातीत रुतलेला असतानाच गुडघा फिरला. एसीएल फाटला, शस्त्रक्रिया झाली. लेथवर उभं राहून काम करणारा मुलगा १४ आठवडे घरी बसला. तुमचं उत्तर आलं : दावा नामंजूर.

पहिलं कारण, 'गुडघा आपोआप मुरगळला, बाह्य कारण नाही.' अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षित, बाहेरून घडलेली, डोळ्यांना दिसणारी घटना, ही व्याख्या पॉलिसीतच आहे. सरावात कुणाला हृदयविकाराचा झटका आला किंवा वर्षानुवर्षांच्या झिजेने गुडघा गेला, तर या विम्यात पैसे मिळत नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. पण दोन माणसांनी धरलेला पाय हे बाह्य कारण नाही तर काय? पंचांचा अहवाल आणि एमआरआय सोबत आहेत. एमआरआयमध्ये जुन्या झिजेचा उल्लेख नाही.

दुसरं कारण, 'व्यावसायिक खेळ'. हे कलम खेळावर पोट भरणाऱ्यांसाठी असतं. आमच्या पोरांना मानधन नाही. बक्षिसाची रक्कम मॅट आणि जर्सीत जाते (मागच्या वर्षी तीही पुरली नाही). जमाखर्च जोडला आहे.

तिसरा मुद्दा, उपचाराचं पूर्ण बिल या विम्यात मिळत नाही, यावर तुम्ही बरोबर आहात. १ लाख ६० हजारांचं बिल आम्ही सगळंच मागितलं होतं, कारण विमा विकताना एजंट म्हणाला, 'मैदानावर काहीही झालं तरी कव्हर.' पॉलिसी नीट वाचल्यावर कळलं की हा मेडिक्लेम नाही. मृत्यू आणि कायमचं अपंगत्व हा मूळ विमा, आणि तात्पुरत्या अपंगत्वाला विमा रकमेच्या १ टक्का दर आठवड्याला. औषधोपचाराचा खर्च या भरपाईला जोडलेला आहे : मंजूर दाव्याच्या ४० टक्के किंवा विमा रकमेच्या १० टक्के, यातली कमी असेल ती रक्कम. म्हणून मूळ दावा नाकारला की औषधाचा एक रुपयाही सुटत नाही.

तेव्हा आमचा हिशोब असा : आठवड्याला २,००० प्रमाणे १४ आठवड्यांचे २८,०००, त्याचे ४० टक्के ११,२००, एकूण ३९,२०० रुपये. उरलेलं बिल मुलाच्या घरचे भरत आहेत.

ही रक्कम द्यावी, नाहीतर पॉलिसीतल्या नेमक्या कलमासह लेखी नकार द्यावा. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर आम्ही विमा लोकपालांकडे जाऊ. नूतनीकरणाच्या वेळी 'सराव आणि हौशी स्पर्धा समाविष्ट' एवढी ओळ पॉलिसीत छापून मिळावी. एजंटच्या तोंडी शब्दावर यंदा हप्ता भरणार नाही.

आपला,
सचिव, कबड्डी मंडळ