सहाव्या शेरातला ‘ऊ’

प्रिय नलू,

तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच. तो विषय संपला.

काल दिवाळी अंकाची प्रूफं आली आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. आपल्या हाफिजच्या गझलेत, त्याच ‘जुल्फ-आशुफ्ता’मध्ये, संपादकांनी परस्पर हात घातलाय. मी लिहिलं होतं, ‘काल मध्यरात्री उशाशी कुणीसं येऊन बसलं’. छापून आलंय, ‘काल मध्यरात्री ती माझ्या उशाशी येऊन बसली’. शेजारी पेन्सिलनं टीप आहे, ‘वाचकाला कळायला हवं.’ नलू, काय कळायला हवं? हाफिजनं जे सांगितलंच नाही, ते?

लगेच फोन केला. माणूस सज्जन आहे, ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘मूळ फारसीत काय आहे, ती का तो?’’ मी म्हटलं, दोन्ही नाही. ‘नीमशब दोश ब-बालीन-ए-मन आमद बनशस्त.’ आमद म्हणजे आला, आली, आलं, काहीही. फारसीत सर्वनामाला लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. प्राचीन फारसीत तिन्ही लिंगं होती, मधल्या काळातल्या पहलवीपर्यंत येताना ती गळून पडली. ‘ऊ’ म्हणजे तो, ऊ म्हणजे तीही. ‘‘मग संदर्भावरून ठरवा की,’’ म्हणाले. नेमकं तेच तुझं वाक्य! तू पण वर्गात असंच म्हणाली होतीस, जुल्फ आहे म्हणजे बाईच, आणि माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस. सर तेव्हा काय म्हणाले आठवतंय ना? त्या काळी पुरुषही केस वाढवत, जुल्फेवरून काही सिद्ध होत नाही. ‘खत’ शोधा म्हणाले होते. गालावर नुकती फुटलेली लव दिसली की समजायचं, मुलगा आहे. या गझलेत खत नाही. ‘पिसर’ म्हणजे मुलगा, तोही शब्द नाही, ओढणी नाही, बुरखा नाही. विस्कटलेले केस, घामेजलेलं अंग, हसरे ओठ, फाटका सदरा, ओठांवर गझल आणि हातात सुरई, एवढंच आहे. शेवटच्या शेरातला ‘निगार’, म्हणजे जिवलग, तोसुद्धा दोघांना चालतो. संदर्भावरून ठरवायला संदर्भच ठेवलेला नाही.

हे धाडस काही आजचं नाही म्हणा. इंग्रज भाषांतरकार विल्यम जोन्सनं १७७१ साली हाफिजच्या दुसऱ्या गझलेतल्या त्या ‘तुर्क-ए-शीराजी’चं, म्हणजे शीराजच्या तुर्काचं, सरळ ‘स्वीट मेड’ करून टाकलं. इंग्रजीची अडचण मला समजते. तिथं क्रियापद निर्मळ, ‘केम’ म्हटलं की झालं, पण ‘ही’ किंवा ‘शी’ शिवाय वाक्य उभं राहत नाही. हल्ली ‘दे’ घालतात. एरवी चालेलही, पण ‘दे केम अँड सॅट बाय माय पिलो’ वाचलं की मध्यरात्री उशाशी जत्रा भरल्यासारखी वाटते.

आपलं उलट आहे. मराठीत कर्ता गाळता येतो, कुणाची तक्रार नसते. लिंग बसतं ते क्रियापदाच्या शेपटीत. आला, आली. येतो म्हण, येते म्हण, सुटका नाही. ‘येईल’ला लिंग नाही, पण तो भविष्यकाळ. ‘येई, बसे’लाही नाही, पण मग रोजच येई असं होतं, आणि हा पाहुणा एकाच रात्री आलाय. (बघ, ‘पाहुणा आलाय’ लिहून गेले. हात असा फसवतो.) ‘ती व्यक्ती आली’ लिहिलं तर व्याकरणाचं स्त्रीलिंग, माणसाचं काहीच नाही, पण वाचताना पोलीस पंचनामा आठवतो. म्हणून मी ‘कुणीसं’ घेतलं. अंधारात डोळा उघडतोय, ओळख पटायची आहे, तेव्हा मराठी माणूस असंच म्हणेल, कुणीतरी आलं. आणि पुढच्या शेरात सकर्मक क्रियापदानं वाट दिली. ‘म्हणाला, म्हणाली’ टाळून लिहिलं, ‘कानाशी तोंड आणून दुखऱ्या आवाजात विचारलं, माझ्या जुन्या आशिका, झोपलास?’ ‘विचारलं’ला कर्त्याशी देणंघेणं नाही. वाचून बघ, काही चोरल्यासारखं वाटतं का? मला नाही वाटत.

उर्दूवाल्यांनी प्रेयसीलाही पुल्लिंगी क्रियापद लावायचा रिवाज पाडला आणि तो वाचकांच्या अंगवळणी पडला. आपल्याकडे तसं नाही. ‘आला’ म्हणजे आलाच.

पण खरी मेख सहाव्या शेरात आहे, आणि ती फक्त तुलाच सांगता येईल. तोपर्यंत सगळी गझल शब्दाला चिकटणाऱ्या ‘-श’वर, म्हणजे त्याचं किंवा तिचं, आणि क्रियापदांवर निभावते, आणि मग ‘ऊ’ येतो, अख्ख्या गझलेत एकदाच. ‘आंचे ऊ रीख्त ब-पैमाना-ए-मा नोशीदीम.’ त्यानं (का तिनं?) आमच्या पेल्यात जे ओतलं ते आम्ही प्यालो, मग ते स्वर्गातलं मद्य असो की साधी दारू. आणि याच्या आधीच्या शेरात काय आहे? ‘रोज-ए-अलस्त’. सगळ्या आत्म्यांना देवानं विचारलं, मी तुमचा रब नाही का, आणि ते हो म्हणाले, तो दिवस. म्हणजे ओतणारा देव? की सुरई घेऊन आलेलं ते माणूस? हाफिजनं एकाच ‘ऊ’मध्ये दोघांना बसवलंय. संपादकांनी दुसऱ्या शेरात ‘ती’ केलं आणि सहाव्यात ‘त्याने’. झालं! रात्री आलेली बाई वेगळी, ओतणारा देव वेगळा. गझल मधोमध चिरली. या एका शेरासाठी मी दुसरा शेर मोकळा ठेवला होता, हे त्यांना फोनवर पटवता आलं नाही.

आता माझ्याकडे काय आहे बघ. ‘त्यांनी ओतलं’ लिहिलं तर लिंग जातं, पण आपण देवालाही ‘तो’ म्हणतो आणि जिवलगालाही. ‘त्यांनी’ म्हटलं की जावईबापू येतात. ‘पेल्यात जे ओतलं गेलं’ लिहिलं तर ओतणारं कुणी उरतच नाही, आणि गझलेतला एकुलता एक ‘ऊ’ मीच पुसला असं होतं. शेवटी रात्री अंथरुणात माझ्या आजीचं बोलणं आठवलं. आजोबांचं नाव घ्यायचं नाही, ‘तो’ म्हणायचं नाही, म्हणून ती म्हणायची, ‘तिकडून निरोप आलाय’, ‘तिकडून येणं झालं’. क्रियापदाला त्या माणसाचं लिंग नाही, कर्त्याच्या जागी नुसती दिशा. तर असं करू?

‘तिकडून पेल्यात जे आलं, ते आम्ही प्यालो.’

देवाची दिशाही तीच, सुरईवाल्या हाताचीही. ‘रीख्त’मधलं ओतणं मात्र पातळ होतं. आणि जुन्या वाचकाला ‘तिकडून’मध्ये नवराच ऐकू येईल, ही धास्ती आहेच. नव्या वाचकाला तो ऐकू येणार नाही, पण आपला अंक वाचतं कोण, तुझ्या-माझ्या वयाचीच माणसं. तू ‘तिकडून’ मोठ्यानं म्हणून बघ आणि कानाला काय लागतं ते कळव. पसंत नसेल तर स्पष्ट लिही, भांडण करू, आठवडाभर अबोला नको. प्रूफं शुक्रवारी परत द्यायची आहेत.

माधव जूलियनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश तुझ्याकडेच आहे ना? ‘निगार’खाली काय दिलंय ते बघून फोनवर सांग.

मनूचं बारसं कधी ठरलं? नाव ‘ऊ’सारखंच दोघांना चालणारं ठेवणार आहेत असं बेबीमावशी म्हणाली, मला आनंदच आहे. घराच्या रंगकामाचं काय झालं? भाऊजींना नमस्कार, आणि त्यांची खोकल्याची गोळी त्यांना वेळेवर घ्यायला लाव.

तुझी,
वसू