एका श्रोत्याला नमस्कार करायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांसाठी आम्ही जो पॉडकास्ट चालवतो, त्याच्या आरंभीची दोन-तीन वाक्ये आपण रेडिओवरील निवेदनाच्या अनुभवातून नव्याने घडवून दिलीत, त्याबद्दल हे आभारपत्र. ते जाहीरपणे लिहितो आहे, कारण आपण सांगितलेले आता गावोगावी मोबाइलवर कार्यक्रम करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल.

आमचा मसुदा असा होता: ‘नमस्कार मंडळी, सर्व द्राक्षबागायतदार बंधू-भगिनींचे या कार्यक्रमात मनःपूर्वक स्वागत.’ आपण त्यातील एकही शब्द खोडला नाहीत. हेच वाक्य फोनवरून आत्याला म्हणून दाखव, एवढेच सांगितलेत. मी ते म्हटले, आणि पलीकडून प्रश्न आला, ‘सभा कुठं आहे रे?’ सभेत बसलेल्यांना शेजारची माणसे दिसत असतात, म्हणून तिथे ‘मंडळी’ खरी वाटते. कानात इअरफोन घालून बागेत काम करणाऱ्याला मात्र आजूबाजूला मंडळी दिसत नाही आणि आपण सोडून दुसऱ्याच कुणाशी बोलणे चालले आहे असे वाटते. लिहिलेले वाक्य फोनवर एका माणसाला म्हणून पाहण्याची ही कसोटी आम्ही आता प्रत्येक भागाला लावतो.

त्यानंतर आपण विचारलेत की ऐकणाऱ्याचे हात त्या वेळी कशात गुंतलेले असतात. विरळणीच्या दिवसांत आत्याच्या एका हातात घड आणि दुसऱ्या हातात कात्री असते, मोबाइल खिशात असतो आणि मान वर केलेली असते. तिला डोळ्यांपुढे ठेवून आपण सुचवलेली सुरुवात अशी: ‘नमस्कार. हात कामात असतील तर काम चालू द्या. मी बोलतो, तुम्ही ऐकत राहा.’ यात स्वागत नाही, विशेषण नाही, ‘सर्व’ नाही. तरीही आत्याला ते आपल्यासाठीच वाटले. शिवाय ‘बागेत बसला असाल’ म्हटले की बाई वगळली जाते आणि ‘बसल्या असाल’ म्हटले की बाप्या, म्हणून ‘करत असाल’, ‘ऐकत असाल’ अशीच रूपे वापरावीत, ही आपली सूचना इतकी साधी आहे की ती आजवर कुणी सांगितली कशी नाही याचे मला नवल वाटते.

‘नमस्कार’नंतरच्या विरामाबद्दल आपण सर्वांत अधिक आग्रही होतात. समोरून उलट नमस्कार यायला जेवढा वेळ लागतो, तेवढी जागा मोकळी ठेवली, तर ऐकणारा मनातल्या मनात ती भरतो. आमच्या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शांत जागा आपोआप कापून टाकण्याची सोय आहे आणि ती हा विराम दर वेळी गिळून टाकत असे; आता पहिल्या अर्ध्या मिनिटापुरती ती सोय आम्ही बंद ठेवतो.

आवाजाच्या बाबतीत आपण मायक्रोफोनपासून तोंड साधारण एक वीत अंतरावर आणि किंचित तिरपे ठेवायला लावलेत, म्हणजे प, फ, भ यांचा श्वास थेट त्यावर आपटत नाही. माणूस मायक्रोफोनच्या जवळ आला की आवाजातील खर्ज वाढतो आणि तो शेजारी बसून बोलल्यासारखा ऐकू येतो. फार जवळ गेले तर तोच घुमू लागतो आणि शब्द गढूळ होतात. पण अंतर बरोबर असूनही माझा सूर चढाच लागत होता. तेव्हा आपण आत्यालाच समोरच्या खुर्चीत आणून बसवलेत, आणि दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज न सांगता उतरला.

केवळ अनेकवचन टाळले की जवळीक येते, असे मात्र आपण कधीच म्हटले नाहीत. अमीन सयानी १९५२ पासून रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’त ‘बहनो और भाइयो’ म्हणत आले आणि तरी ज्याला त्याला ते आपल्याशीच बोलतात असे वाटे, हे उदाहरण आपणच दिलेत. संबोधन अनेकांना असले तरी त्यांचा सूर गप्पांचा होता.

जवळीक कुठे थांबवावी हेही आपण दाखवून दिलेत. ‘आज तुम्ही आनंदात असाल’ हे वाक्य आपण काढून टाकायला लावलेत, कारण भाग आज ध्वनिमुद्रित होतो आणि कुणी तो अवकाळी पावसाने घडातले मणी तडकल्यावर ऐकतो. ‘शुभ सकाळ’ थेट प्रसारणात शोभते. पॉडकास्ट रात्री मोटार चालू करायला निघालेला माणूसही ऐकतो.

पुढील भागापासून श्रोत्यांचे प्रश्न घेणार आहोत. आपल्या सांगण्याप्रमाणे विचारणाऱ्याचे नाव आणि गाव एकदाच येईल, आणि उत्तर देताना ‘तुमच्या बागेत’ असे म्हणून ते ऐकणाऱ्याकडे वळवले जाईल. असा पहिला भाग तयार झाला की त्याची ध्वनिफीत आपल्याकडे पाठवतो.

आपला कृतज्ञ,
पॉडकास्टचा निवेदक
ता. तासगाव, जि. सांगली