सात वर्षांत एक गुडघा कमी झाला: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सविनय नमस्कार. मी पुण्यात धनकवडीला राहतो. आयुष्यभर सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि निवृत्त झालो. गेल्या आठवड्यात सीएकडे रिटर्न भरायला गेलो, तर त्याने ६६,७६८ रुपयांचा आकडा माझ्यासमोर ठेवला. मी म्हटले, "अहो, बारा लाखांपर्यंत कर नाही ना?" तो हसला. त्या हसण्यामुळे हे पत्र लिहितो आहे.

मे २०१८ मध्ये निवृत्तीच्या पैशातले १० लाख रुपये मी एका डेट फंडात टाकले. शेअर नकोत, रोखे बरे, असा माझा भित्रा स्वभाव. शिवाय तेव्हा कायदाच सांगत होता की तीन वर्षे थांबाल तर इंडेक्सेशन मिळेल. म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून धरायची आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्के कर. मी सात वर्षे थांबलो. मे २०२५ मध्ये पत्नीच्या गुडघ्यांचे ऑपरेशन ठरले, म्हणून सगळी युनिट्स विकली. हातात १५,१३,६०० रुपये आले. स्टेटमेंटवर लिहिले होते: वार्षिक परतावा ६.१ टक्के.

हा ६.१ टक्के फंडाचा खर्च वजा झाल्यानंतरचा आहे. खर्च रोजच्या रोज एनएव्हीतूनच, म्हणजे युनिटच्या किमतीतूनच, कापला जातो, त्यामुळे वेगळे बिल कधी येत नाही आणि ते कुणाला दुखतही नाही. आमच्या कट्ट्यावरचे एक गृहस्थ परताव्यातून तो पुन्हा वजा करून दुप्पट दुःखी होतात, ते चूक आहे. माझ्या रेग्युलर प्लॅनचा खर्च वर्षाला १.१ टक्का होता, त्याच योजनेच्या डायरेक्ट प्लॅनचा ०.४. मधला ०.७ टक्का एजंटच्या कमिशनला. सात वर्षांत या फरकाचे करापूर्वीचे सुमारे ७१ हजार होतात. एजंट दिवाळीला कॅलेंडर मात्र न चुकता देतो. असो, हा मूर्खपणा माझा, तुमच्या माथी मारत नाही.

तुमच्याकडचे आता सांगतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तुम्ही इंडेक्सेशन काढून घेतले आणि २० ऐवजी १२.५ टक्के कर लावला. ऐकायला सवलत वाटते. जुन्या नियमाने माझी खरेदी किंमत २८० वरून ३७६ या निर्देशांकाच्या प्रमाणात १३,४२,८५७ झाली असती, नफा १,७०,७४३ उरला असता आणि उपकरासह कर ३५,५१५ आला असता. नव्या नियमाने तो ५,१३,६०० या पूर्ण आकड्यावर लागला: ६६,७६८. नियम बदलायला हरकत नाही, पण मी पैसे २०१८ मध्ये गुंतवले होते, तेव्हाच्या शब्दावर विसंबून! घरे-जमिनीवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर महिन्याभरात त्यांना जुना पर्याय परत मिळाला. डेट फंडवाल्यांना नाही. घराला भिंती असतात, म्हणून तिथला आवाज घुमत असावा.

आता खरा परतावा काढू. कर भरून माझ्याकडे १४,४६,८३२ रुपये राहिले. सरकारचाच ग्राहक किंमत निर्देशांक या सात वर्षांत साधारण १३८ वरून १९३ वर गेला, म्हणजे महागाई ४० टक्के. तेव्हाचे १० लाख टिकवायलाच आज १४ लाख लागतात. (बरेच जण परताव्याच्या टक्क्यातून महागाईचा टक्का नुसता वजा करतात. ते ढोबळ झाले, भागाकार करावा लागतो.) १४,४६,८३२ भागिले १४ लाख म्हणजे १.०३३. सात वर्षांत मिळून ३.३ टक्के, वर्षाला अर्धा टक्का. स्टेटमेंटवरचे ६.१ गेले कुठे, तर बहुतेक महागाईत आणि उरलेल्यातले निम्म्याहून जास्त तुमच्याकडे. कारण करापूर्वी माझा खरा नफा १,१३,६०० होता आणि त्यातले ६६,७६८ कर म्हणून गेले. म्हणजे ५९ टक्के. कागदावर १२.५ आणि खिशात ५९, असे गणित आम्ही ऑडिटमध्ये पकडले असते तर संबंधिताला खुलासा द्यावा लागला असता.

हेही सरकारी महागाईने. घरची महागाई वेगळी. २०१८ मध्ये एका गुडघ्याचे डॉक्टरांनी दोन लाख सांगितले होते. ही म्हणाली, "बघू पुढे." पुढे बघितले तेव्हा साडेतीन लाख झाले होते. म्हणजे तेव्हा माझ्या १० लाखांत पाच गुडघे बसत होते, आता सगळा नफा धरून चारच बसतात. आम्हाला दोनच हवे होते म्हणून निभावले. ऑपरेशननंतर ती व्यायामाला बसने जाऊ लागली, तर त्याच सुमारास पीएमपीचे पाच रुपयांचे तिकीट दहाचे झाले. याला निर्देशांकात किती वजन आहे, देव जाणे.

बारा लाखांचे कोडे तर आणखी मजेशीर आहे. पेन्शन आणि हा नफा मिळून माझे करपात्र उत्पन्न साडेदहा लाखांच्या आत आहे. पण बारा लाखांपर्यंतचा कर माफ करणारी ८७ए ची सूट विशेष दराच्या उत्पन्नाला चालत नाही, आणि माझा १२.५ टक्के 'विशेष' आहे. हाच फंड मी १ एप्रिल २०२३ नंतर घेतला असता, तर नफा स्लॅबने धरला गेला असता, तिथे सूट चालली असती आणि कर शून्य! सात वर्षे थांबलेल्याला ६६,७६८ आणि परवा आलेल्याला शून्य. 'दीर्घकाळ गुंतवणूक करा' असे सांगणाऱ्या जाहिरातींखाली ही ओळ बारीक अक्षरात तरी छापा.

आणि इंडेक्सेशन खरोखर मेले आहे का? नाही. २०१८ पासून खासदारांचे पगार दर पाच वर्षांनी याच खर्च महागाई निर्देशांकाने वाढतात. मार्च २०२५ मध्ये एक लाखाचे एक लाख चोवीस हजार झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून मागे जाऊन. माझ्या पेन्शनलाही महागाई भत्ता मिळतो, कबूल. म्हणजे सरकारकडून पैसे घेताना महागाई खरी असते आणि सरकारला कर देताना ती नाहीशी होते. बाकी आमच्या खात्यात काही फाइलींवर तीस वर्षे धूळ बसताना पाहिली आहे, त्यामुळे या पत्राचे काय होईल ते ठाऊक आहे.

तरी मागतो. १ एप्रिल २०२३ पूर्वी घेतलेल्या डेट फंडाला घरांसारखाच पर्याय द्या. आणि फंड कंपन्यांना सांगा की विक्रीच्या स्टेटमेंटवर ६.१ च्या खाली आणखी एक ओळ छापा: महागाई वजा जाता किती उरले.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, धनकवडी, पुणे

ता.क. कर भरला आहे. चलन सोबत जोडलेले नाही, तुमच्याकडे आहेच.