एपीके फाइल टाकण्याआधी हे वाचा

नमस्कार मंडळी, परवा आपल्या कोथरूडच्या ग्रुपवर ट्रॅफिक चलनाच्या नावाने एक .apk फाइल, म्हणजे अॅप टाकायची फाइल, आली आणि एका काकांनी ती उघडली, फोनने विचारलं की व्हॉट्सअॅपला अॅप टाकायची परवानगी द्यायची का, त्यांनी दिली. नशीब, पुढे त्या अॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली तेव्हा ते थांबले, नाहीतर ओटीपी गेलेच असते.

पूर्वी प्ले स्टोअरबाहेरची अॅप टाकू देणारं हे अननोन सोर्सेसचं एकच बटण अख्ख्या फोनसाठी असायचं, अँड्रॉइड 8 पासून ते प्रत्येक अॅपला वेगळं आहे. म्हणजे तुम्ही व्हॉट्सअॅपला हो म्हणालात की उद्या कोणीही पाठवलेली फाइल त्या अडथळ्याशिवाय थेट इन्स्टॉलच्या पानावर जाते, म्हणून व्हॉट्सअॅपला ही परवानगी कधीच नको.

खरंच बाहेरून अॅप घ्यायचं असेल तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून ब्राउझरमध्ये उतरवा, तेवढ्यापुरती ब्राउझरला परवानगी द्या आणि काम झालं की सेटिंग्जमध्ये `Install unknown apps` शोधून बंद करा, अॅप तपासणारं गूगलचं प्ले प्रोटेक्ट मात्र चालूच ठेवा. आणि हो, परवानगी बंद केल्याने आधी टाकलेलं अॅप जात नाही, ते वेगळं अनइन्स्टॉल करावं लागतं.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांचे फोन एकदा बघाच.