साडेसातीत घर घेतेय, आधी पूर्ण वाचा

आई, आण्णा,

कळंब्याच्या फ्लॅटचा इसार दिलाय. अधिक महिना संपल्यावरच दिला, त्यामुळे आई तेवढ्यावरून तरी रागावू नको. फोनवर सांगितलं असतं तर माझं वाक्य संपायच्या आत तू साडेसाती काढली असतीस, म्हणून लिहितेय. मीन राशीची साडेसाती 2030 पर्यंत चालणार, तोवर थांब असं तू म्हणतेस ती माझ्या काळजीपोटीच, हे कळतं गं मला. पण साडेसाती चंद्रावरून बघतात आणि घर बघायचं लग्नापासूनच्या चौथ्या स्थानावरून. माझं लग्न धनू, म्हणजे चौथ्यात मीन आणि चतुर्थेश गुरू. जो शनी चंद्रावर बसलाय म्हणून तू घाबरतेस, तोच माझ्या सुखस्थानातही बसलाय. तो तिथे घराचं काम सुरू करतो, कष्ट करायला लावतो, उशीर करतो, पण एकटा असेल तर पूर्ण होऊ देत नाही. त्याला गुरूची साथ लागते.

आण्णा, तुम्ही पत्रिका काढून बघाच. शुक्राच्या महादशेत गुरूची अंतर्दशा ऑक्टोबर 2025 ला लागली, जून 2028 ला संपते. शुक्र माझा षष्ठेश आणि लाभेश, म्हणजे कर्जही तोच देणार आणि लाभही, आणि अंतर्दशा थेट चतुर्थेशाची. आई म्हणते तसं 2030 पर्यंत थांबले तर साडेसाती संपेल, पण ही अंतर्दशा आधीच गेलेली असेल. दशेत नसलेलं फळ गोचर देत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय.

आता गोचर. गेल्या वर्षी मार्चअखेर शनी मीनेत आला तेव्हापासून मी घरं बघत होते, पण गुरू आधी वृषभेत, मेपासून मिथुनेत, तिथून त्याची दृष्टी तूळ, धनू, कुंभेवर, मीनेवर नाहीच. मग ऑक्टोबरात तो दीड महिना कर्केत आला, अंतर्दशाही नुकतीच लागलेली, आणि तेव्हाच तो फुलेवाडीचा फ्लॅट जवळजवळ ठरला होता, आठवतंय? डिसेंबरच्या सुरुवातीला गुरू मागे मिथुनेत गेला आणि त्याच सुमारास वकिलांनी सांगितलं की एनए ऑर्डर नाही, सातबाऱ्यावर वारसांची नावं तशीच आहेत. मी तेव्हा किती रडले, पण पैसे अडकले नाहीत हे देवीचेच उपकार. यंदा 2 जूनला गुरू परत कर्केत आलाय. तिथून पाचवी दृष्टी वृश्चिकेवर, म्हणजे माझ्या जन्माच्या गुरूवर, आणि नववी मीनेवर, जिथे शनी बसलाय. चतुर्थेश आणि चतुर्थ स्थान दोन्ही एकदम. हे ऑक्टोबरअखेरपर्यंत. नंतर गुरू सिंहेत जातो आणि साथ सुटते, जानेवारीअखेर वक्री होऊन परत कर्केत येतो. म्हणून मधे गुरूचा अस्त आहे तेवढा सोडून ॲग्रीमेंट श्रावणात आणि ताबा पुढच्या मार्चमध्ये ठेवलाय. पुढच्या जूनला शनीच मेषेत जातो, त्याच्या आत सगळं व्हायला हवं.

आण्णा, तुम्हाला जे लागेल ते आता लिहिते. चतुर्थेश व्ययात, म्हणजे घर जन्मगावाबाहेर. पत्रिकेत हे होतंच, तरी गारगोटी सोडून घेतेय असं तुम्हाला वाटणार. पण त्याच गुरूची पाचवी दृष्टी आपल्याच मीनेवर आहे ना, तो स्वतःच्या घराला सोडत नाहीये. आणि मीही नाही. फ्लॅट गारगोटी रोडलाच आहे, तुमची एसटी जवळच थांबते. लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यासाठी पहिलाच मजला घेतलाय, तुमच्या खोलीला लागून बाथरूम, कमोड आहे, धरायला दांडी लावून घेणार आहे. बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, तिथे तुळस बसेल. लहानपणी मी ताप आला की तुमच्या दोघांच्या मधे झोपायचे, तसं अजूनही कधीकधी वाटतं मला, म्हणून तर तुमची खोली माझ्या खोलीला चिकटूनच घेतलीय.

आणि पत्रिका म्हणाली म्हणून डोळे झाकून घेतलेलं नाही. दशा-गोचर वेळ सांगतं, कागद तपासत नाही. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढलाय, बँकेच्या वकिलांनी वेगळा बघितलाय. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसतो.

आता ऐका. मूळ पत्रिकेची वही काढून ठेवा, आण्णा. माझ्या जन्माची वेळ दवाखान्याच्या कागदावर काय आहे ते बघा, कारण चतुर्थांशातलं लग्न साधारण अर्ध्या तासात बदलतं आणि मला ते एकदा ताडून बघायचंय. बीपीची गोळी रात्री विसरायची नाही, आई तू समोर बसून घ्यायला लाव. तुझं तेल लावणं पण चालू ठेव, फक्त गुडघे दुखले की बरं होईल म्हणत बसू नको, लगेच फोन कर. आणि एफडी मोडायची नाही. मला माहितीय तुमच्या मनात तेच आलं असणार, पण ती तुमची आहे, मला नको. रविवारी पहिल्या गाडीने येतेय, तोवर बँकेत जाऊ नका.

तुमची,
चिमी